साठ दिवसांची उधारी किती रुपयांना पडते?

सिकंदराबादच्या राणीगंजात बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील आणि व्हॉल्व्हची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे जीडीमेटला, बालानगर, चेर्लापल्लीकडचे कारखाने आणि छोटी वर्कशॉप. एकाच कंपनीचं एकाच नंबरचं बेअरिंग चार दुकानांत मिळत असेल, तर गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: डिस्काउंट किती आणि पैसे कधी द्यायचे. मग कधी तरी सेल्समन बातमी आणतो, ‘सेठ, शेजारचे साठ दिवस देतायत, आपण तीसच. ऑर्डर तिकडे गेली.’ त्या संध्याकाळी बहुतेक दुकानांत निर्णय होऊनही जातो: आपणही साठ देऊ, विक्री वीस टक्के तरी वाढेल.

विक्री वाढेलही. पण त्या वाढीची किंमत नव्या गिऱ्हाइकाच्या बिलात शोधून सापडत नाही, ती जुन्या गिऱ्हाइकाच्या खात्यात पडलेली असते. या लेखातला सगळा हिशेब या एका मुद्द्यासाठी आहे.

हिशेबासाठी एक दुकान धरू. दुकान काल्पनिक आहे, तुम्ही त्यात आपले आकडे घाला. वर्षाची विक्री जीएसटी सोडून ३ कोटी ६० लाख. बिलावर मुदत ३० दिवस, पण पैसे सरासरी ४२ दिवसांनी येतात. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची खरेदी ८२ रुपये आणि टेंपो, हमाली, सेल्समनचं कमिशन मिळून ४ रुपये. म्हणजे विक्री शंभर रुपयांनी वाढली की १४ रुपये हातात उरतात. दुकानाचं भाडं, मुनीमजींचा पगार, वीजबिल यात धरायचं नाही, कारण विक्री वीस टक्क्यांनी वाढली म्हणून ते वाढत नाही. नवं गोडाऊन किंवा नवा माणूस लागणार असेल, तर मात्र तो खर्च वेगळा मांडायचा. बरेच जण इथे नफा-तोटा पत्रकातला चार-पाच टक्के निव्वळ नफा घेतात आणि चांगला सौदा सोडून देतात. काही जण खरेदी-विक्रीतला नुसता फरक, म्हणजे अठरा रुपये, धरतात आणि वाईट सौदा पदरात घेतात.

आता योजना. सगळ्यांना ६० दिवस द्यायचे, त्यामुळे विक्री २० टक्क्यांनी, म्हणजे ७२ लाखांनी वाढेल अशी अपेक्षा. वाढीव नफा ७२ लाखांचे १४ टक्के, म्हणजे १० लाख ८ हजार. सेल्समनला एवढंच दिसतं, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण त्याचं कमिशन विक्रीवर आहे.

खर्चाच्या बाजूला पहिला प्रश्न असा की ६० दिवस म्हणजे खरे किती दिवस? तीसचे बेचाळीस होत असतील, तर साठचे साठ राहणार नाहीत. महिन्याचं स्टेटमेंट गेल्यावर मुदत मोजणारे, बिल ‘अकाउंट्सला आत्ताच आलं’ म्हणणारे, शनिवारीच चेक काढणारे, हे सगळे तेच राहतात. आपण ७८ दिवस धरू. स्वतःच्या दुकानाचा आकडा काढताना एक खबरदारी घ्या. येण्याच्या रकमेत जीएसटी असतो आणि विक्रीच्या आकड्यात तो नसतो. एकाला दुसऱ्याने भागलं तर या दुकानाचे ४२ दिवस कागदावर जवळजवळ ५० दिसतात. दोन्हीकडे जीएसटीसकट रक्कम घ्या.

वर्षाचं बिलिंग जीएसटीसकट सव्वाचार कोटींच्या आसपास आहे, नेमकं ४ कोटी २४ लाख ८० हजार. ४२ दिवसांनी पैसे येतात म्हणजे कुठल्याही दिवशी बाजारात साधारण ४९ लाख अडकलेले. नव्या योजनेत बिलिंग ५ कोटी १० लाखांच्या जवळ जाईल आणि ७८ दिवसांच्या हिशेबाने १ कोटी ९ लाख बाजारात राहतील. येणं ६० लाखांनी वाढलं.

हे ६० लाख दोन भागांत फोडले की खरी गोष्ट दिसते. नव्या ७२ लाखांच्या विक्रीपोटी अडकलेली रक्कम फक्त १८ लाख आहे. उरलेले ४२ लाख त्या गिऱ्हाइकांकडे आहेत, जी कालपर्यंत बेचाळिसाव्या दिवशी पैसे देत होती आणि उद्याही तेवढाच माल घेणार आहेत. त्यांना ३६ दिवस जास्त मिळाले, तुम्हाला त्यांच्याकडून एक रुपयाची जास्त विक्री मिळाली नाही.

नव्या गिऱ्हाइकांच्या १८ लाखांत तुमचा नफाही आहे. तो अजून तुमच्या खिशात आलेलाच नव्हता, म्हणून तो अडकला असं म्हणता येत नाही. अडकतो तो मालाचा खर्च आणि भरलेला जीएसटी. शंभरच्या विक्रीवर ८६ खर्च आणि १८ कर, मिळून १०४, बिल ११८चं. त्या प्रमाणात १८ लाखांचे १६ लाख होतात. जुन्या गिऱ्हाइकांचे ४२ लाख मात्र पूर्ण धरायचे, कारण ते पैसे एरवी नफ्यासकट आलेच असते. एकूण खऱ्या अर्थाने अडकणारी रक्कम ५८ लाख.

या कराकडे व्यापाऱ्यांचं दुर्लक्ष होतं. जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, वसुलीच्या तारखेवर नाही. जुलैत बिल फाडलं की २० ऑगस्टपर्यंत कर भरायचा, गिऱ्हाइकाचा चेक सप्टेंबरअखेर आला तरी. म्हणजे महिन्याच्या मधल्या बिलावरचा कर साधारण पस्तिसाव्या दिवशी तुमच्या खिशातून गेलेला असतो. ४२ दिवसांच्या उधारीत सरकारसाठी तुम्ही आठवडाभरच पदरमोड करत होता, ७८ दिवसांत ती सहा आठवड्यांची झाली. नव्या विक्रीचा हिशेब काटेकोर करायचा तर तिथला कर ७८ऐवजी ४३ दिवसच अडकतो असं धरावं लागेल. त्याने अडकणाऱ्या रकमेत सव्वा लाखाच्या आसपास फरक पडतो, निर्णय बदलत नाही.

आता या ५८ लाखांचं व्याज किती? ‘बँक अकरा टक्क्यांनी देते’ हे अर्धंच उत्तर आहे. सीसी लिमिटमध्ये बँक येण्यावर साधारण २५ टक्के मार्जिन ठेवते, म्हणजे चार रुपयांच्या येण्यावर तीन रुपये उचल. चौथा रुपया तुमचा. तो तुम्ही धंद्यात न घालता दुसरीकडे लावला असता, किंवा मेव्हण्याकडून दीड टक्का महिन्याने आणला असता, तर त्याची किंमत अठरा टक्क्यांच्या घरात जाते. तीन भाग अकराने आणि एक भाग अठराने मिळून पावणेतेरा टक्के होतात. आपण १३ धरू. ५८ लाखांवर १३ टक्के म्हणजे वर्षाला ७ लाख ५४ हजार.

व्याज संपलं तरी खर्च संपत नाही. वीस टक्के जास्त विकायचं तर तेवढा माल रॅकवर हवा. ४५ दिवसांचा साठा धरला तर वाढीव ७ लाख २८ हजारांचा माल, त्यावर व्याज ९५ हजार. साठ दिवसांच्या आशेने येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांत काही जण शेजारच्यांनी नाकारलेले असतात, म्हणून बुडीत दोन टक्के धरू. ते जीएसटीसकट धरायचं, कारण गिऱ्हाईक बुडालं तरी भरलेला कर परत मिळत नाही. १ लाख ७० हजार. आणि वसुलीला मोटरसायकलवर फिरणारा एक माणूस, पेट्रोलसकट महिना वीस हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार.

सगळं मांडलं तर असं दिसतं:

वाढीव नफा: १०.०८ लाख
अडकलेल्या पैशाचं व्याज: ७.५४ लाख
वाढीव साठ्याचं व्याज: ०.९५ लाख
वाढीव बुडीत: १.७० लाख
वसुलीचा खर्च: २.४० लाख
फरक: सुमारे २.५ लाखांचा तोटा

विक्री वीस टक्क्यांनी वाढून वर्षाला अडीच लाख गेले. याच अटींवर तोटा टाळायचा तर विक्री किती वाढायला हवी? नव्या विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतून तिचं स्वतःचं व्याज, साठा आणि बुडीत वजा जाता साडेसात रुपयांहून थोडं कमी उरतं. त्यातून जुन्यांना दिलेल्या सवलतीचे साडेपाच लाख आणि वसुलीचे २ लाख ४० हजार भरून काढायला सुमारे १ कोटी ५ लाखांची नवी विक्री लागते. ही २९ टक्के वाढ झाली. विसाचा अंदाज करणाऱ्याला एकोणतीस झेपेल का, हे त्यानेच ठरवायचं, पण ठरवायचा आकडा हा आहे.

तुमचा पुरवठादार वाढीव खरेदीवर ३० दिवस देत असेल तर थोडा दिलासा आहे. पावणेसहा लाख तेवढ्यापुरते त्याचे वापरायला मिळतात, वर्षाला पाऊण लाख वाचतात. अडीच लाखांचं भोक त्याने बुजत नाही.

आता तोच सौदा उलटा करून पाहू. जुन्यांना तीसच दिवस, साठ फक्त नव्यांना. अडकणारे फक्त १६ लाख, व्याज २ लाख ८ हजार. बाकी सगळे खर्च तेच ठेवले तरी १० लाख ८ हजारांतून सुमारे २ लाख ९५ हजार शिल्लक राहतात. जीएसटी तोच, बुडीत तेच, माणूस तोच, आणि तोट्याचा फायदा झाला.

पण हे राणीगंज आहे. एका गल्लीत चहा पिणारी माणसं एकमेकांच्या अटी दोन दिवसांत जाणतात. जीडीमेटल्यातले दोन परचेस ऑफिसर एकाच बसने येत-जात असतील तर दोन दिवसही लागत नाहीत. म्हणून विचारायचा प्रश्न असा: किती जुनी गिऱ्हाइकं साठावर सरकली तर फायदा संपेल? जुन्या विक्रीतला प्रत्येक दहा टक्के हिस्सा सरकला की सुमारे ४ लाख २० हजार अडकतात आणि वर्षाला ५४-५५ हजार जातात. २ लाख ९५ हजार संपायला जुन्या विक्रीचा ५४ टक्के हिस्सा सरकावा लागतो. माझ्या मते हा आकडा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. निम्मी जुनी विक्री सरकेपर्यंत योजना तग धरते, त्यापुढे ती सेल्समनचं कमिशन आणि बँकेचं व्याज भरण्यासाठी चालते.

जुन्यांना नाही म्हणणं जमत नसेल तर त्यांना भाव सांगा. ३६ जादा दिवसांचं १३ टक्क्यांनी व्याज बिलावर १.२८ टक्के होतं. जीएसटीआधीच्या भावावर ते दीड टक्का येतं. म्हणून यादीत दोन भाव ठेवायचे, तीस दिवसांचा एक आणि साठचा दीड टक्का जास्त. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांनी साठ निवडले तरी ३ कोटी ६० लाखांवर दीड टक्का म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि त्यांच्यापायी जाणारं व्याज साडेपाच लाखांच्या जवळ. हिशेब मिटला. शिवाय ज्याला खरंच पैशाची ओढ नाही तो आपणहून तिसाचा भाव घेतो, आणि कोण कोणत्या रांगेत गेलं यावरून त्याच्या खिशाचा अंदाज येतो.

रोख सवलतीचा मार्ग मात्र बेतानं वापरावा. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सोडायचे, ही पद्धत बाजारात आवडती आहे. ७८व्या दिवशी देणारा दहाव्या दिवशी देऊ लागला तर ६८ दिवस वाचतात, आणि दोन टक्क्यांचा वार्षिक दर अकरा टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे बँकेएवढाच. पण ४२व्या दिवशी देणाऱ्यानेही तीच सवलत घेतली, आणि तो घेणारच, तर ३२ दिवसांसाठी तुम्ही वर्षाला तेवीस टक्के दराने पैसा विकत घेतलात. सवलत घ्यायला सगळ्यात आधी पुढे येतात ती वेळेवर देणारीच माणसं. दोन टक्क्यांचा फायदा लांबवणाऱ्यांपुरता ठेवता येत नसेल तर तो देऊच नये.

बँकेकडून येणारा धक्का उशिरा कळतो. बहुतेक बँका दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ९० दिवसांपेक्षा जुनं येणं मोजत नाहीत. सरासरी ७८ असली की कुणी ४५ला देतो आणि कुणी ११०ला. समजा १ कोटी ९ लाखांतले वीस टक्के नव्वदीपार गेले, तर सुमारे २२ लाखांवरची उचल बंद, म्हणजे साडेसोळा लाखांची सोय अचानक नाहीशी. विक्रीचा आलेख चढता असताना ड्रॉइंग पॉवर कमी झाल्याचा मेसेज येतो तो असा. तेव्हा चौथा रुपया नव्हे, दुसरा-तिसराही तुमचाच लागतो, आणि १३ टक्क्यांचा आपला अंदाज पंधरावर जातो.

त्यात ४५ दिवसांचा कायदा आहे, आणि इथे व्यापाऱ्याची बाजू कमकुवत आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. १ एप्रिल २०२३पासूनच्या आर्थिक वर्षापासून आयकरातही त्याची जोड आली: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरत नाहीत, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल तेव्हा धरतात. तुम्ही बालानगरच्या एखाद्या लघु कारखान्याकडून बुश किंवा कपलिंग घेऊन विकत असाल तर हे बंधन तुमच्यावर आहे. उलट तुम्ही स्वतः निव्वळ व्यापारी असाल, तर उद्यम नोंदणी असूनही ती तुम्हाला फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी उपयोगी पडते. तुमच्या गिऱ्हाइकावर ४५ दिवसांचं दडपण येत नाही. म्हणजे द्यायचं पंचेचाळिसाव्या दिवशी आणि यायचं अठ्ठ्याहत्तराव्या. अशा पुरवठादारांचा माल तुमच्या विक्रीत मोठा असेल तर मार्चअखेरच्या शिलकीचा वेगळा कागद काढून सीएला दाखवा.

साठ दिवस द्यायचेच ठरलं तर आधी एक फुकटचं काम करा. जीएसटीच्या पोर्टलवर गिऱ्हाइकाचा नंबर टाकला की त्याने गेल्या महिन्यांचे रिटर्न कधी भरले ते दिसतं. रिटर्न लांबवणारा माणूस सरकारचा कर लांबवतोय, तो तुमचे पैसे आधी देईल असं समजायला आधार नाही. त्याच्या इतर पुरवठादारांना फोन करून चालत नाही, कारण कोणी खरं सांगत नाही, टेंपोवाला सांगतो.

मग प्रत्येक खात्याला रकमेची मर्यादा घाला, फक्त दिवसांची नको. महिन्याला पन्नास हजारांचा माल उचलणाऱ्याला साठ दिवसांत एक लाख आणि कराचे अठरा हजार एवढंच येणं शोभतं. अडीच लाख झाले तर पुढचं बिल निघण्याआधी मालकाची सही हवी. टॅलीत ही मर्यादा खात्यावर घालता येते, पण बिल बनवणाऱ्या मुलाला ती ओलांडायची मुभा दिली तर ती नसल्यासारखीच.

खातं बिघडतंय हे दिवसांच्या आधी वागण्यातून दिसतं. बिलाप्रमाणे पैसे देणारा अचानक गोल रकमा ‘ऑन अकाउंट’ टाकू लागतो. चेक देतो आणि दुपारी फोन करून ‘दो दिन रुको, डालना मत’ म्हणतो. मोठी थकबाकी ठेवून छोट्या ऑर्डरी द्यायला लागतो, म्हणजे मोठ्या ऑर्डरी रोखीने दुसरीकडे जात असतात. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की त्या खात्याची मुदत त्याच आठवड्यात तिसावर आणा.

वसुलीत दोन तारखांना वजन आहे. बिलाला १८० दिवस झाले आणि पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाने घेतलेला इनपुट क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावा लागतो. पैसे दिल्यावर तो पुन्हा घेता येतो. म्हणून १५०व्या दिवशी बिलांची यादी लावून एक साधं पत्र त्याच्या अकाउंटंटला पाठवा. मालक जे ऐकत नाही ते अकाउंटंट ऐकतो. आणि चेक वटला नाही तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर गिऱ्हाइकाला १५ दिवस असतात, त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘बघू, पुढच्या आठवड्यात देतो म्हणालाय’ यात हे ३० दिवस निघून जातात, आणि मग तोच चेक त्याच्या तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा भरून नवा मेमो मिळवावा लागतो.

सुरुवात तीन महिन्यांसाठी आणि दहा-बारा खात्यांपुरती करा, आणि गिऱ्हाइकाला तसं लिहून द्या: ही मुदत अमुक तारखेपर्यंत. तोंडी दिलेली सवलत काढून घेताना भांडण होतं, कागदावर तारीख असलेली आपोआप संपते. तीन महिन्यांनी पाहायचे आकडे तीन: त्या खात्यांची खरी वसुली ७८ दिवसांच्या आत आहे का, जुन्या विक्रीचा किती हिस्सा साठावर सरकला, आणि नव्वदीपार येणं एकूण येण्याच्या किती टक्के झालं. दुसरा आकडा पन्नासजवळ आला असेल तर पुढच्या महिन्याच्या बिलांवर दीड टक्क्याचा भाव लावा. तिसरा पंधरा टक्क्यांवर गेला असेल तर भाव लावूनही उपयोग नाही, नवी खाती उघडणं थांबवा आणि मोटरसायकलवाल्या मुलाला आधी त्या यादीवर पाठवा.